कॅलिब्रेशन, व्हेरिफिकेशन आणि ॲडजस्टमेंट: क्वालिटी विभागात नव्याने आलेल्यांचे नेहमीचे प्रश्न

क्वालिटी विभागात रुजू झालेल्या प्रत्येक तुकडीकडून मला हे प्रश्न ऐकायला मिळतात. तिन्ही शब्द रोज कानावर पडतात आणि बहुतेकदा एकाच अर्थाने वापरले जातात. "मायक्रोमीटर कॅलिब्रेट करून आण" असं म्हणणाऱ्याच्या मनात "झीरो सेट करून आण" असं असतं. या गोंधळाचा खरा फटका रेकॉर्डला बसतो. तो कसा, हे समजावं म्हणून पुढे एकच मायक्रोमीटर घेऊन सगळी गोष्ट सांगितली आहे.

तिन्हींत नेमका फरक काय? अगदी सोप्या भाषेत सांगा.

भिंतीवरच्या घड्याळाचं उदाहरण घ्या. तुम्ही ते मोबाईलवरच्या वेळेशी ताडून पाहिलंत आणि कळलं की ते ४ मिनिटं पुढे आहे. तुम्ही घड्याळाला हातही लावला नाही, फक्त ते किती चुकतं हे शोधून नोंदवलंत. हे कॅलिब्रेशन.

आता तुम्ही विचार करता, की हे घड्याळ माझ्या कामाला चालेल का? सकाळी वेळेवर घराबाहेर पडण्यासाठी ५ मिनिटांपर्यंतची चूक चालते असं तुम्ही आधीच ठरवलेलं असेल, तर ४ मिनिटांची चूक त्या मर्यादेत बसते आणि घड्याळ पास होतं. परीक्षेच्या हॉलमध्ये अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त चूक चालणार नसेल, तर तेच घड्याळ, त्याच ४ मिनिटांसह, नापास. ठरलेल्या गरजेशी तुलना करून पुराव्यानिशी "बसतं" किंवा "बसत नाही" असा निर्णय देणं म्हणजे व्हेरिफिकेशन.

आणि काटा फिरवून घड्याळ ४ मिनिटं मागे घेणं म्हणजे ॲडजस्टमेंट. तिन्हींपैकी फक्त याच कामात साधन बदलतं.

थोडक्यात, कॅलिब्रेशनमधून आकडा मिळतो, व्हेरिफिकेशनमधून निर्णय मिळतो आणि ॲडजस्टमेंटमध्ये साधनात बदल होतो. मापनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय शब्दकोशातही या तीन व्याख्या वेगवेगळ्या दिलेल्या आहेत, आणि कॅलिब्रेशनच्या व्याख्येखाली त्याची ॲडजस्टमेंटशी गल्लत करू नये अशी वेगळी टीपही आहे. गोंधळ फक्त आपल्याकडेच होतो असं नाही, हे त्यावरून कळतं.

म्हणजे कॅलिब्रेशनला पाठवलेलं साधन "दुरुस्त" होऊन येत नाही?

नाही, आणि नवीन माणसाला हे सर्वांत उशिरा पटतं. साधन ०.००७ मिमी चुकत असेल, तर कॅलिब्रेशननंतरही ते ०.००७ मिमीच चुकत असतं. फरक इतकाच, की आता ती चूक तुम्हाला माहीत आहे आणि सर्टिफिकेटवर लिहिलेली आहे.

काही साधनांत तर ॲडजस्ट करण्यासारखं काही नसतंच. स्टीलची पट्टी, काचेचा थर्मामीटर, अचूक लांबीचा ठोकळा म्हणजे गेज ब्लॉक यांच्यात फिरवायला स्क्रू नाही की दाबायला बटण नाही. तरीही त्यांचं कॅलिब्रेशन होतं. काचेचा थर्मामीटर ०.३ अंश जास्त दाखवतो असं सर्टिफिकेटवर असेल, तर वाचन घेऊन त्यातून ०.३ वजा करायचं. कॅलिब्रेशन पूर्ण, ॲडजस्टमेंट शून्य.

इथे चिन्हाची गफलत फार होते. ज्याच्याशी ताडून पाहतो तो माहीत मापाचा नमुना म्हणजे मास्टर. एरर म्हणजे साधनाने दाखवलेला आकडा वजा मास्टरचा आकडा. करेक्शन म्हणजे त्याच एररचं चिन्ह उलटं. सर्टिफिकेटच्या रकान्यावर "एरर" लिहिलंय की "करेक्शन", हे वाचल्याशिवाय बेरीज-वजाबाकी करू नका. चुकलात तर चूक जाण्याऐवजी दुप्पट होते.

मायक्रोमीटरचं कॅलिब्रेशन प्रत्यक्षात कसं होतं?

आपलं उदाहरण: ० ते २५ मिमीचा डिजिटल मायक्रोमीटर, ०.००१ मिमीपर्यंत वाचन देणारा. त्यावर २० मिमी व्यासाचे शाफ्ट तपासले जातात. शाफ्टचा टॉलरन्स ±०.०२० मिमी, म्हणजे १९.९८० ते २०.०२० मिमी चालतं.

आधी मायक्रोमीटर आणि गेज ब्लॉक एकाच टेबलावर काही वेळ ठेवायचे, म्हणजे दोघांचं तापमान सारखं होतं. लांबीच्या मापांसाठी संदर्भ तापमान २० अंश सेल्सिअस ठरलेलं आहे. स्टील दर अंशाला दर मीटरमागे साधारण ०.०११५ मिमी वाढतं. २५ मिमीच्या ब्लॉकच्या आणि मायक्रोमीटरच्या तापमानात १० अंशांचा फरक असेल, तर जवळजवळ ०.००३ मिमीची चूक निव्वळ उष्णतेमुळे शिरते. म्हणून ब्लॉक उघड्या हाताने घट्ट धरून बसायचं नाही.

मग दोन्ही मापनपृष्ठं पुसायची. दोन्हींच्या मध्ये स्वच्छ कागद हलका दाबून ओढला की चिकटलेला तेलकट थर निघतो. त्यानंतर दाब दर वेळी सारखा ठेवणारा रॅचेट वापरून मायक्रोमीटर बंद करायचा आणि शून्यावर काय दिसतं ते लिहायचं. लिहायचं, सेट करायचं नाही. यावर पुढे वेगळा प्रश्न आहे.

शून्यानंतर एकेक गेज ब्लॉक घ्यायचा. २.५, ५.१, ७.७, १०.३, १२.९, १५, १७.६, २०.२, २२.८ आणि २५ मिमी अशी मालिका वापरायची पद्धत आहे. नवीन मुलं विचारतात, सरळ ५, १०, १५, २० का नाही? कारण मायक्रोमीटरच्या स्क्रूची पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो जितका सरकतो ते अंतर, सहसा ०.५ मिमी असते. ५, १०, १५ वर स्क्रूचे पूर्ण फेरे होतात आणि स्क्रूबरोबर फिरणारा दांडा, म्हणजे स्पिंडल, दर वेळी त्याच कोनात येऊन थांबतो. फेऱ्याच्या मधल्या भागात चूक असेल तर ती कधीच दिसणार नाही. ५.१ वर १०.२ फेरे होतात, ७.७ वर १५.४, १०.३ वर २०.६. म्हणजे ही मापं स्पिंडलला वेगवेगळ्या कोनांत थांबवतात. या विचित्र वाटणाऱ्या आकड्यांमागचं कारण एकदा कळलं, की यादी पाठ करावी लागत नाही.

आपल्या मायक्रोमीटरची एरर अशी निघाली: शून्यावर +०.००६, २.५ वर +०.००६, ५.१ वर +०.००७, १२.९ वर +०.००६, २०.२ वर +०.००७ आणि २५ वर +०.००७ मिमी. मधल्या बाकी मापांवरही हेच दोन आकडे. कॅलिब्रेशन इथे संपलं.

मग पास-नापास कोण ठरवतं?

तुम्ही, म्हणजे साधन वापरणारी संस्था. प्रयोगशाळेने आकडे दिले, पण तुमच्या शाफ्टला किती चूक चालते हे त्यांना माहीत नसतं. आपल्या उदाहरणात शाफ्टचा एकूण टॉलरन्स ०.०४० मिमी. त्याचा दहावा भाग म्हणजे ०.००४ मिमी इतकीच चूक साधनाला चालेल, असा सर्वत्र वापरला जाणारा ठोकताळा लावून आपण मर्यादा ±०.००४ ठरवली आहे. निघालेली चूक +०.००७. मर्यादेबाहेर. हे झालं व्हेरिफिकेशन, आणि निकाल नापास.

हाच मायक्रोमीटर ±०.२ मिमी टॉलरन्सच्या कामावर असता, तर त्याच सर्टिफिकेटवर तो आरामात पास झाला असता. म्हणून "सर्टिफिकेट आलं, फाईलला लावलं" एवढ्यावर काम संपत नाही. सर्टिफिकेटवरचे आकडे आपल्या मर्यादेशी ताडून, तारीख आणि सही करून निर्णय लिहावा लागतो. ऑडिटमध्ये मी जितक्या फाईली पाहिल्या, त्यात सर्टिफिकेट नसल्याची उदाहरणं थोडी होती. सर्टिफिकेट आहे पण ते कोणी वाचलंच नाही, अशी भरपूर.

चूक मर्यादेच्या अगदी जवळ असेल तर?

समजा एरर +०.००३ आहे, मर्यादा ०.००४, आणि सर्टिफिकेटवर अनिश्चितता ±०.००२ लिहिली आहे. वरवर पाहता पास. पण खरी चूक ०.००१ ते ०.००५ च्या दरम्यान कुठेही असू शकते, म्हणजे ती मर्यादेपलीकडेही असू शकते. अशा वेळी काय करायचं याचा नियम आधी लिहून ठेवायचा असतो. सर्वांत साधा आणि सावध नियम असा, की एरर आणि अनिश्चितता यांची बेरीज मर्यादेत बसली तरच पास. निकाल पाहून मग नियम ठरवायचा नाही.

नापास निघाला. लगेच झीरो सेट करू का?

कॅलिब्रेशनचे आकडे लिहून झाले असतील, तरच. हे आकडे म्हणजे "ॲज फाउंड" स्थिती, साधन जसं सापडलं तसं. ॲडजस्टमेंट केल्यावर ती स्थिती कायमची नाहीशी होते आणि कोणत्याही उपायाने परत मिळत नाही.

माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी मी हीच चूक केली. एका मायक्रोमीटरचा शून्य हललेला दिसला. कर्तव्य समजून मी तो आधी सेट केला आणि मग सगळी मापं घेतली. सगळी उत्तम आली. दोन दिवसांनी ग्राहकाकडून कमी व्यासाचे शाफ्ट परत आले. साधन किती चुकत होतं हे विचारल्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर होतं ते मीच पुसलं होतं. त्या मायक्रोमीटरवर तपासलेले सगळे शाफ्ट पुन्हा मोजावे लागले.

आकडे हातात असतील तर काय होतं ते पाहा. आपला मायक्रोमीटर २० मिमीच्या आसपास ०.००७ जास्त दाखवत होता. म्हणजे १९.९८० दाखवलेला शाफ्ट प्रत्यक्षात १९.९७३ होता. रेकॉर्डमध्ये १९.९८० ते १९.९८६ वाचन असलेले, आपण पास केलेले शाफ्ट खरं तर कमी व्यासाचे आहेत. १९.९८७ किंवा त्याहून जास्त वाचन असलेले ठीक. उलट बाजूला, २०.०२१ ते २०.०२७ वाचनामुळे आपण नाकारलेले शाफ्ट बहुधा चांगले होते. सरसकट सगळा माल अडवण्याऐवजी शोध एका अरुंद पट्ट्यापुरता उरतो. पट्ट्याच्या कडा अनिश्चिततेइतक्या थोड्या रुंद धराव्यात, एवढंच.

साधन नापास निघालं तर आधीच्या मोजमापांवर परिणाम झाला का हे तपासायला आयएसओ ९००१ मध्ये सांगितलेलं आहे. ॲज फाउंड आकड्यांशिवाय ते तपासणं शक्य नाही. म्हणूनच आयएसओ/आयईसी १७०२५ प्रमाणे चालणारी प्रयोगशाळा ॲडजस्टमेंट किंवा दुरुस्ती केली असेल, तर आधीचे आणि नंतरचे, दोन्ही निकाल उपलब्ध असल्यास सर्टिफिकेटवर देते. साधन पाठवताना "आधीचे आकडे घेतल्याशिवाय ॲडजस्ट करू नका" असं लिहूनच पाठवा.

किती मागे जाऊन माल तपासायचा?

शेवटचं "बरोबर होतं" याचा पुरावा जिथे सापडतो तिथपर्यंत. आपल्या मायक्रोमीटरचं मागचं कॅलिब्रेशन वर्षापूर्वीचं, तेव्हा चूक +०.००१ होती. दुसरा पुरावा नसता तर वर्षभराचा माल संशयित ठरला असता. पण लाईनवर दर आठवड्याला २० मिमीच्या मास्टरवर मोजून नोंद होत होती. चार आठवड्यांपूर्वीपर्यंत ती २०.००१ होती, त्यानंतर २०.००६, २०.००७, २०.००७. म्हणजे संशय फक्त चार आठवड्यांचा.

याच नोंदवहीत आणखी एक गोष्ट दिसते. तीन आठवडे वाढलेला आकडा प्रामाणिकपणे लिहिला गेला, पण मर्यादेशी कोणी ताडला नाही, कारण रजिस्टरमध्ये मर्यादेचा रकानाच नव्हता. मोजलं गेलं, पण व्हेरिफिकेशन झालंच नाही. व्हेरिफिकेशन हा वेगळा शब्द का लागतो, याचं याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

ही आठवड्याची तपासणी म्हणजे कॅलिब्रेशनच ना?

नाही. एका मास्टरवर एक वाचन घेऊन "मर्यादेत आहे का" एवढंच आपण पाहतो. हे मधल्या काळातलं व्हेरिफिकेशन, आणि त्याने वार्षिक कॅलिब्रेशनची गरज संपत नाही. २० मिमीवर बरोबर असलेला मायक्रोमीटर ७.७ वर चुकू शकतो. मात्र जो मास्टर वापरता त्याचं स्वतःचं कॅलिब्रेशन झालेलं हवं, नाहीतर चुकीच्या घड्याळाशी दुसरं घड्याळ जुळवल्यासारखं होतं.

झीरो सेट केला की सगळ्या चुका जातात का?

चूक कोणत्या प्रकारची आहे त्यावर अवलंबून आहे. पुन्हा घड्याळाकडे या. नेहमीच ४ मिनिटं पुढे असलेलं घड्याळ काटा मागे घेतल्यावर बरोबर होतं. पण रोज २ मिनिटं पुढे जाणारं घड्याळ आज जुळवलं तरी उद्या चुकणार, कारण त्याची चालच बिघडली आहे.

मायक्रोमीटरचंही तसंच. आपल्या साधनात शून्यापासून २५ पर्यंत चूक ०.००६-०.००७ अशी जवळजवळ सपाट आहे. ही शून्य सरकल्याची खूण. झीरो ॲडजस्टमेंटने ती जाईल. पण समजा शून्यावर चूक ०, १२.९ वर +०.००४ आणि २५ वर +०.००९ असती. इथे शून्य ठीक आहे, वाढत जाणारी चूक स्क्रूची किंवा मापनयंत्रणेची आहे. झीरो हलवून २५ वरची चूक घालवाल, तर शून्यावर -०.००९ होईल. अशा साधनाचा पल्ला मर्यादित करा, ते कमी नाजूक कामाला द्या किंवा काढून टाका. बटण दाबून सुटणारा हा प्रश्न नाही.

आपल्या साधनाचा शून्य सरकला कसा, तेही शोधलं. कोणीतरी रॅचेट न वापरता थिंबल जोराने आवळून झीरो सेट केला होता. जास्त दाबाखाली फ्रेम किंचित ताणली गेली, त्या स्थितीला शून्य म्हटलं गेलं, आणि नेहमीच्या दाबाने मोजताना वाचन जास्त येऊ लागलं. पृष्ठांवर कचरा ठेवून झीरो केला तर याच्या उलट होतं: कचरा निघाल्यावर सगळी वाचनं कमी येतात. म्हणून कारण न शोधता केलेली ॲडजस्टमेंट पुन्हा तीच चूक करायला मोकळी वाट ठेवते.

ॲडजस्टमेंट झाली. आता वापरायला देऊ?

अजून नाही. साधन बदललं, म्हणजे जुने आकडे त्याला लागू नाहीत. शून्य ०.००६ ने हलवला म्हणजे सगळ्या चुका ०.००६ ने कमी झाल्या असतील हा अंदाज झाला, माप नव्हे. पुन्हा तीच मालिका, तेच ब्लॉक. आपल्या साधनाची दुसऱ्यांदा एरर ० ते +०.००२ निघाली. हे "ॲज लेफ्ट" आकडे. मग पुन्हा ±०.००४ शी तुलना, अनिश्चितता धरूनही आत, म्हणून पास. मगच नवं स्टिकर.

वजनकाट्यावर `CAL` बटण आहे. ते दाबलं की कॅलिब्रेशन झालं ना?

नावाने फसू नका. बऱ्याच इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यांत हे बटण आतल्या किंवा बाहेरून ठेवलेल्या वजनाच्या आधारे काट्याचं वाचन जुळवून घेतं. म्हणजे ती ॲडजस्टमेंट. किती चूक होती, हे बहुतेकदा तुम्हाला कळतही नाही. म्हणून ते दाबण्याआधी कॅलिब्रेट केलेलं वजन ठेवून वाचन लिहा, मग बटण दाबा, मग पुन्हा तेच वजन ठेवून लिहा. तीन मिनिटांचं काम आहे.

स्टिकरवरची पुढची तारीख कोण ठरवतं?

तीही तुम्हीच. साधन किती वापरलं जातं, कुठे वापरलं जातं आणि मागच्या दोन-तीन कॅलिब्रेशनमध्ये किती सरकलं, यावरून. प्रयोगशाळेने सर्टिफिकेटवर तारीख सुचवायची नसते, तुमच्याशी तसं ठरलं असेल तर गोष्ट वेगळी.

मायक्रोमीटर खाली पडला, पण स्टिकरची तारीख अजून सहा महिने पुढे आहे. वापरू का?

नाही. तारीख साधन जसं होतं तसं राहिलं तरच लागू. आधी ते बाजूला काढा आणि "वापरू नये" असा टॅग लावा. झीरोला हात न लावता पृष्ठं पुसा, शून्य वाचा, मास्टरवर वाचा, दोन्ही आकडे वेळेसह लिहा. मर्यादेत असले तरी स्पिंडल पूर्ण पल्ल्यात अडखळल्याशिवाय फिरतो का पाहा, कारण पडल्यावर स्पिंडल वाकू शकतो आणि वाकलेला स्पिंडल एका मापावर बरोबर दाखवून दुसऱ्यावर चुकतो. जराही अडखळला तर पूर्ण मालिकेवर कॅलिब्रेशन. आणि पडल्याचं सांगायला आलेल्या ऑपरेटरवर आवाज चढवू नका. पुढच्या वेळी तो सांगणार नाही, आणि मग हे साधन चुकतंय हे तुम्हाला सहा महिन्यांनी कळेल.